साडेतीन आणि साडेतीन

समजा, एका सहकारी दूध संघाला गुणनियंत्रण प्रयोगशाळेसाठी प्रमुख नेमायचा आहे. उमेदवार पाच, मुलाखत घेणारे चार. शेवटचा शब्द मात्र कार्यकारी संचालकांचा, आणि ते मुलाखतींना हजर नव्हते. त्यांना हवा आहे एक कागद, फार तर दीड पान. तो लिहिणाऱ्याच्या समोर पडलेला असतो गुणपत्रकांचा गठ्ठा आणि त्यावर घाईघाईत खरडलेले शेरे. या गठ्ठ्याचं त्या दीड पानात रूपांतर होताना जे घडतं, ते मला नेहमी थक्क करतं. काम कारकुनी वाटतं खरं, पण माणसाचं मन दुसऱ्या माणसाला कसं जोखतं याची सगळी गुपितं त्या गठ्ठ्यात असतात.

पाचांपैकी तिघं सहज मागे पडले. उरले दोघं. तिला ‘अ’ म्हणू, त्याला ‘ब’. निकष चार होते आणि प्रत्येक निकषावर दोन मुलाखतकारांनी स्वतंत्रपणे एक ते पाच गुण दिले होते.

| निकष | अ | ब |
|---|---|---|
| तपासणीचं ज्ञान | ४, ४ | ५, ५ |
| दबावाखाली निर्णय | ४, ३ | ५, २ |
| माणसं सांभाळणं | ३, ३ | २, ३ |
| नोंदी ठेवणं | ४, ३ | ३, ३ |

बेरीज करून पाहा. दोघांचीही अठ्ठावीस, म्हणजे सरासरी साडेतीन. आता या आकड्याला धरून संचालकांना काय सांगणार? ‘दोघंही सारखेच, साहेब, तुम्हीच ठरवा’? असा कागद बऱ्याच कार्यालयांतून वर जातो, आणि मग वरचा माणूस आडनाव, गाव, ओळख किंवा बायोडेटावरचा फोटो पाहून ठरवतो. दोष त्याचा नाही. त्याच्या हाती दुसरं काही दिलेलंच नसतं.

गाईचं आणि म्हशीचं दूध एका टाकीत ओतलं की फॅटचा एकच आकडा हाती येतो आणि कोणतं दूध कुठून आलं हे त्यातून परत काढता येत नाही. सरासरीचं तसंच आहे. वरच्या तक्त्यात सगळ्यात बोलका भाग म्हणजे ‘ब’च्या दुसऱ्या ओळीतले पाच आणि दोन. त्यांची सरासरी साडेतीन येते, पण साडेतीन हे मत चौघांपैकी कुणाचंच नाही. एकाला तो उत्तम वाटला, दुसऱ्याला कच्चा. सारांश लिहिणाऱ्याने इथे कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून शेरे उघडायचे असतात.

पाच गुण देणाऱ्या प्लांट मॅनेजरांचा शेरा असा: ‘रोझॅलिक टेस्टला दूध लाल आलं. पुरवठादार मोठा. वरून दोन फोन. तरी टँकर परत केला. कारण रजिस्टरला लिहिलं.’ दूध आंबायला लागलं की ते लपवायला काही जण त्यात सोडा घालतात. रोझॅलिक आम्लाचं द्रावण अशा दुधात टाकलं की गुलाबी-लाल रंग येतो आणि चोरी उघडी पडते. मोठ्या पुरवठादाराचा टँकर परत पाठवायला हिंमत लागते, हे दुग्धव्यवसायातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

दोन गुण देणारे होते उत्पादन विभागाचे अधिकारी. त्यांनी लिहिलं होतं: ‘टँकर परत गेल्याचं प्रॉडक्शनला तासाभराने कळलं. माणसं पाश्चरायझर तयार ठेवून बसलेली. विचारलं तर म्हणाला, सांगणं माझं काम नाही.’

म्हणजे घटना एकच, टँकर तोच, दिवसही तोच. दोघांनी वेगवेगळ्या वेळी त्याच्याकडून हीच गोष्ट ऐकली. एकाने त्यात ताठ कणा पाहिला, दुसऱ्याने बंद तोंड. आणि गंमत अशी की दोघंही बरोबर आहेत! चूक निकषात होती. ‘दबावाखाली निर्णय’ या एका नावाखाली दोन गोष्टी दडल्या होत्या: निर्णय घेणं, आणि तो ज्यांच्यावर आदळणार त्यांना वेळेत सांगणं. मुलाखतींआधी पाच म्हणजे काय आणि दोन म्हणजे काय हे पॅनेलने लिहून ठेवलं होतं, पण त्यात कळवण्याचा उल्लेख नव्हता. म्हणून एकाने पहिली गोष्ट मोजली, दुसऱ्याने दुसरी. गुणांमधली दरी बहुतेक वेळा अशीच काही तरी सांगत असते, आणि ती बुजवली की तिच्याबरोबर माहितीही बुजते. मी तर म्हणेन, गठ्ठा हाती आला की आधी दोन किंवा त्याहून जास्त गुणांचा फरक कुठे आहे ते शोधावं. जिथे सगळ्यांचं एकमत आहे तिथे एक ओळ पुरते.

आता ‘अ’कडे वळू. तिच्या तक्त्यात डोंगर नाहीत, दऱ्या नाहीत. असा उमेदवार चर्चेत फिका पडतो. पण संघाच्या वरिष्ठ केमिस्टनी ‘नोंदी ठेवणं’ या निकषाखाली चार गुण देऊन बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘दर आठवड्याला काही नमुने मिल्क ॲनालायझरवर आणि गर्बर पद्धतीने, दोन्हीकडे तपासते. एका संकलन केंद्रावरचं यंत्र फॅट ०.२ ने कमी दाखवत होतं, ते पकडलं. उत्पादकांना फरकाची रक्कम मिळावी म्हणून व्यवस्थापनाला लेखी टिपण दिलं.’

दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो. फॅट कमी दिसलं की पैसे शेतकऱ्याच्या खिशातून जातात आणि संस्थेला काहीच तोटा होत नाही. अशा वेळी गप्प बसणं सगळ्यात सोपं. हिने तर स्वतःच्याच संस्थेला ‘आपण देणं लागतो’ असं लिहून दिलं. ही नुसती नोंदी ठेवण्याची गोष्ट नव्हे, दबावाखालच्या निर्णयाचीच गोष्ट आहे. पण ‘निर्णय’ या निकषावर गुण देणाऱ्या दोघांच्याही कानावर ती आली नव्हती. ती फक्त केमिस्टच्या कागदावर होती.

आणि नेमकी हीच गोष्ट पॅनेलच्या बैठकीत निघत नाही. हे माझं अनुमान नाही. गॅरॉल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली यावर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांचे चार-चार जणांचे गट करून त्यांना विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षपदासाठी तिघा काल्पनिक उमेदवारांतून एक निवडायला सांगितलं. काही गटांत प्रत्येकाला सगळी माहिती दिली, तेव्हा बहुतेकांनी सर्वांत चांगला उमेदवार निवडला. दुसऱ्या काही गटांत तीच माहिती वाटून दिली. काही तपशील चौघांकडे, काही एकेकाकडेच. चौघांनी मिळून सगळं जोडलं असतं तर तोच उमेदवार पुढे आला असता, कारण गटाकडे मिळून माहिती तेवढीच होती. पण तसं झालं नाही. चांगला उमेदवार फार थोड्या गटांनी निवडला. जे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं त्यावरच चर्चा फिरत राहिली आणि जे एकालाच ठाऊक होतं ते त्याच्याजवळच राहिलं.

विचार करा, बैठक कशासाठी असते? प्रत्येकाकडची वेगळी माहिती एकत्र यावी म्हणून. आणि बैठकीचा स्वाभाविक ओढा मात्र उलटा. आपल्या दूध संघात टँकरची गोष्ट दोघांनी ऐकली होती, म्हणून अर्धा तास तिच्यावर गेला असता. फॅटची गोष्ट एकाच कागदावर होती, म्हणून ती तिथेच राहिली असती. म्हणून सारांश बैठकीच्या इतिवृत्तावरून लिहायचा नसतो. चौघांनी बैठकीआधी, एकमेकांशी बोलण्याआधी भरलेल्या कागदांवरून लिहायचा असतो. प्रत्येक शेऱ्यासमोर हा मुद्दा आणखी कुणी लिहिला आहे का हे तपासायचं आणि एकट्याने लिहिलेल्या मुद्द्यांवर खूण करायची. एकट्याचा मुद्दा म्हणजे खरा मुद्दा, असं मात्र नाही. इथे केमिस्टच्या शेऱ्याचा आधार उमेदवाराचं स्वतःचं सांगणं एवढाच आहे. तेव्हा सारांशात तो यायलाच हवा, पण ‘उमेदवाराने सांगितले, एका मुलाखतकाराची नोंद, पडताळणी बाकी’ अशा शब्दांत.

आणखी एक गोष्ट गठ्ठ्यात लपलेली असते, आणि ती पाहायला एका उमेदवाराचे कागद पुरत नाहीत. पाचही उमेदवारांचे कागद मुलाखतकारांप्रमाणे लावा. प्लांट मॅनेजरांनी पाच जणांना मिळून दिलेल्या गुणांची सरासरी ४.२ येते, उत्पादन अधिकाऱ्यांची २.४. त्यांनी कुणालाही तीनच्या वर गुण दिलेलेच नाहीत, आणि त्यांच्या वाट्याच्या दोन्ही निकषांवर तीन मिळालेली एकमेव उमेदवार आहे ‘अ’! तक्त्यात सपक वाटलेले ते तीन-तीन एकदम वेगळ्याच प्रकाशात दिसू लागतात. कडक मास्तरांचा तीन हा त्यांच्या हिशेबात पहिला नंबर असतो.

मग काय, गुण वाढवून द्यायचे? मुळीच नाही. इथे लिहिणाऱ्याच्या हाताला खाज सुटते, कारण गणित करून ‘सुधारित गुण’ काढणं फार सोपं असतं. पण पाच उमेदवार म्हणजे अगदी थोडे. कदाचित त्या अधिकाऱ्यांच्या वाट्याला आलेल्या दोन निकषांत सगळेच खरोखर कमी पडले असतील. दिलेला गुण जसा आहे तसाच छापायचा आणि त्याच्या शेजारी हा माणूस एरवी कसे गुण देतो ते एका वाक्यात सांगायचं. अर्थ लावण्याचा हक्क वाचणाऱ्याचा.

शेऱ्यांमध्ये विशेषणंही भरपूर असतात. ‘चुणचुणीत’, ‘आत्मविश्वास कमी’, ‘आपल्यात बसणार नाही’. याच मुलाखतींत ‘अ’बद्दल एकाने लिहिलं होतं, ‘जरा थंड वाटली.’ विशेषण आलं की एकच प्रश्न: काय दिसलं म्हणून? शेरा लिहिणाऱ्याला फोन करून विचारायचं. उत्तर आलं, ‘प्रश्न विचारल्यावर थांबून, विचार करून बोलायची’, तर तेच लिहायचं आणि ‘थंड’ गाळायचं. ज्या प्रयोगशाळेत घाईने लिहिलेला एक आकडा हजारो लिटर दुधाला भोवू शकतो, तिथे थांबून बोलणारा माणूस गुणाचा की दोषाचा, हे संचालक ठरवतील. उत्तर आलं, ‘असंच वाटलं आपलं’, तर तो शेरा सारांशात जात नाही. वाटण्याला जागा असते, पण ती वेगळी. तिच्याकडे येऊच.

आणि एक शेरा असा होता: ‘मुलगा तीन वर्षांचा. रात्रपाळी जमेल का?’ तो ‘अ’च्या कागदावर होता. ‘ब’लाही लहान मूल आहे की नाही हे कुठेच लिहिलेलं नाही, कारण त्याला कुणी विचारलंच नाही. हा शेरा गाळायचा. रात्रपाळी खरोखरच कामाचा भाग असेल तर दोघांनाही एकच प्रश्न, एकाच शब्दांत विचारायचा आणि दोघांचीही उत्तरं लिहायची. समतोल हा अशा बारक्या ठिकाणी सांभाळावा लागतो. दोघांचे दोन-दोन गुण आणि दोन-दोन दोष मोजून समोरासमोर मांडले की समतोल साधतो हा भ्रम आहे. एकाचे दोष दोन आणि दुसऱ्याचे पाच असतील तर तसंच दिसायला हवं.

दोघांबद्दल लिहिताना मुद्द्यांचा क्रमही तोच ठेवायचा, आणि याचं कारण फार मजेशीर आहे. सॉलोमन ॲश यांनी १९४६ साली लोकांना एका माणसाचं वर्णन सहा विशेषणांत वाचून दाखवलं. काहींसाठी यादी बुद्धिमान, कष्टाळू अशी सुरू होऊन हट्टी, मत्सरी अशी संपत होती. काहींसाठी तीच सहा विशेषणं उलट्या क्रमाने. शब्द तेच, माणूस तोच, पण पहिल्या यादीतून लोकांच्या मनात उभा राहिलेला माणूस दुसऱ्या यादीतल्यापेक्षा बराच चांगला होता. आता ‘अ’ची सुरुवात फॅटच्या गोष्टीने आणि ‘ब’ची ‘सांगणं माझं काम नाही’ने केली, तर एकही शब्द खोटा न लिहिता निकाल लावता येतो. म्हणून दोघांसाठी निकषांचा क्रम मुलाखतींआधी ठरला तोच.

तर संचालकांच्या टेबलावर जाणारा मजकूर साधारण असा होईल:

‘शिफारस: अ. पॅनेलमधील तिघे अ यांच्या बाजूने, एक ब यांच्या बाजूने (मते बैठकीपूर्वी स्वतंत्रपणे घेतली). दोघांचे एकूण गुण समान असल्याने ही शिफारस गुणांवर नव्हे, नोंदींवर आधारलेली आहे. खात्री: मध्यम.

‘तपासणीच्या ज्ञानात ब सरस आहेत, याबद्दल दुमत नाही. निर्णयक्षमतेत ब यांना ५ आणि २ असे गुण मिळाले. दोन्ही गुण एकाच घटनेवरून दिलेले आहेत: भेसळीचा टँकर दबाव असूनही परत पाठवला, परंतु उत्पादन विभागाला कळवले नाही. अ यांच्याबाबत अशी तफावत नाही. अ यांनी यंत्रातील दोष शोधून उत्पादकांच्या बाजूने लेखी टिपण दिल्याचे सांगितले. ही एका मुलाखतकाराची नोंद असून पडताळणी बाकी आहे. उत्पादन अधिकाऱ्यांनी कोणत्याही उमेदवारास ३ पेक्षा अधिक गुण दिलेले नाहीत. त्यांच्याकडील दोन्ही निकषांवर ३ केवळ अ यांना आहेत.

‘भिन्न मत (प्लांट मॅनेजर): प्रयोगशाळेच्या प्रमुखाला कळवण्याची सवय शिकवता येते, वरून फोन आल्यावर नाही म्हणण्याची शिकवता येत नाही.

‘शिफारस केव्हा बदलेल: अ यांच्या आधीच्या वरिष्ठांनी टिपणाच्या घटनेस दुजोरा न दिल्यास, किंवा संघाला पुढील वर्षी नव्या चाचण्या उभारायच्या असून सखोल तांत्रिक ज्ञान ही पहिली गरज असल्यास.’

यातलं भिन्न मत वाचून पाहा. ते इतकं जोरकस आहे की शिफारस डळमळीत झाल्यासारखी वाटते. तसंच असायला हवं. ते लिहून झाल्यावर प्लांट मॅनेजरांना दाखवायचं आणि ‘तुमचं म्हणणं हेच ना?’ असं विचारायचं. ‘हो, माझ्यापेक्षा नीट मांडलंत’ असं ते म्हणाले तर कागद तयार झाला. ‘असं नाही हो’ म्हणाले तर परत लिहायचं. सारांश एकतर्फी झालाय का हे ओळखायची याहून खात्रीची कसोटी मला माहीत नाही. आणि शिफारस कधी बदलेल हा भाग घाबरत घाबरत केलेली पळवाट नाही. नवी माहिती आली तर तिचं काय करायचं हे संचालकांना त्यातून कळतं. एक फोन केला की प्रश्न सुटणार आहे हे त्यांना दिसतं.

आता ते राहिलेलं ‘वाटणं’. संचालकांना स्वतःलाही काही तरी वाटणारच. ते कागदाने दाबून टाकायचं का?

यावरचं सगळ्यात चकित करणारं उत्तर १९५५ सालचं आहे. एकवीस-बावीस वर्षांचे डॅनियल कानमन तेव्हा इस्रायली सैन्यात होते आणि भरती होणाऱ्या तरुणांच्या मुलाखतींची पद्धत सुधारायचं काम त्यांच्याकडे आलं. आधीची पद्धत अशी की गप्पा मारून मुलाखतकाराने एकूण मत बनवायचं, आणि त्या मताचा पुढच्या कामगिरीशी जवळपास काही संबंध लागत नव्हता. कानमन यांनी सहा गुणविशेष ठरवले. एकेक घेऊन तरुणाच्या आजवरच्या आयुष्याबद्दल ठरलेले प्रश्न विचारायचे, लगेच एक ते पाच गुण द्यायचे आणि मगच पुढच्याकडे वळायचं. एकूण मत बनवायचंच नाही. मुलाखत घेणारी तरुण मंडळी भडकली. तुम्ही आम्हाला यंत्रमानव करताय, अशी तक्रार आली. तेव्हा कानमन यांनी त्यांच्यासाठी एक सवलत ठेवली. सहाही गुण देऊन झाले की डोळे मिटा, हा तरुण सैनिक म्हणून कसा दिसेल ते डोळ्यांसमोर आणा, आणि आणखी एक गुण द्या.

काही महिन्यांनी निकाल आले. सहा गुणांची बेरीज आधीच्या पद्धतीपेक्षा बरीच चांगली ठरली, हे अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते हे, की डोळे मिटून दिलेला तो एक गुणही त्या बेरजेइतकाच चांगला ठरला. पूर्वी ज्या वाटण्याला काही किंमत नव्हती तेच वाटणं आता उपयोगी पडलं. माणसं तशीच होती, बदललं ते एवढंच, की ते वाटणं सगळ्यात शेवटी, सहा गोष्टी एकेक करून तपासल्यानंतर आलं होतं.

म्हणून आपल्या दूध संघाच्या कागदावर उमेदवारांची नावं आणि फोटो मागच्या पानावर जातात, शक्य तर शिफारसही निकषांच्या खाली सरकते, आणि शेवटी संचालकांच्या स्वतःच्या मतासाठी चार ओळींची जागा कोरी ठेवली जाते. वरच्या नमुन्यात शिफारस पहिल्या ओळीत आहे, कारण बहुतेक साहेबांना तशीच सवय असते. पण साहेब तयार असतील तर मी ती खाली नेईन.

कानमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यानंतर ते इस्रायलमधल्या आपल्या जुन्या लष्करी तळावर गेले होते. साडेचार दशकांनंतरही मुलाखतीची ती पद्धत फारशी न बदलता चालू होती. तिथल्या अधिकारी बाई त्यांना ती समजावून सांगत होत्या, आणि शेवटी म्हणाल्या, मग आम्ही मुलाखतकारांना सांगतो, आता डोळे मिटा.